टाइमकीपरची वाढती दाढी

बस डेपोत अख्खं आयुष्य टाइमकीपर म्हणून काढलेल्या माणसाला घरातही त्याच नावाने ओळखत. बायको रागावली की ‘टाइमकीपर’ म्हणे, एरवी ‘अहो’. चहाच्या आधी दाढी, हा त्याचा नियम. ताप असो नाहीतर सुट्टी, गालावर खुंट घेऊन तो दारातलं वर्तमानपत्र उचलायलाही जात नसे. अशा माणसाच्या तोंडावर शेवटी दाढी उगवली आणि तीही त्याला न विचारता.

झालं असं की पक्षाघाताचा झटका आला तो न्हाणीघरातच. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली, आणि पडताना डावा हात मोडला तो प्लास्टरमध्ये. एकाच फटक्यात दोन्ही हात गेले. बोललेलं सगळं कळायचं, मान जेमतेम हलायची, बस. दवाखान्यातून घरी आणल्यावर बायकोने पहिल्या सकाळी त्याची दाढी करायला घेतली. तिचा हात शिवणयंत्रावर चालणारा, वस्तऱ्यावर नाही. हनुवटीला बारीकशी चीर पडली, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे ते थांबता थांबेना. डॉक्टर म्हणाले, “मशीनने करा, नाहीतर राहू द्या. दाढी वाढल्याने कुणी मरत नाही.” तिने राहू दिली. एक काम कमी झालं, असं तिला वाटलं. खोटं कशाला बोला, बरंच वाटलं.

कामं तशी पुष्कळ होती. त्याला कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं, चादरी धुणं, आणि त्यातून वेळ काढून लोकांचे ब्लाउज वेळेत देणं. त्याचं तोंड ती सकाळ-संध्याकाळ अंगाच्या साबणाने खसाखसा धुवायची, पातेलं घासावं तसं. मग जाड टॉवेलने कोरडं करून वरून पावडर थापायची. आजारी माणूस स्वच्छ दिसला पाहिजे, निदान आल्यागेल्याने नाव ठेवू नये.

दुसऱ्या आठवड्यात टाइमकीपर सगळ्यालाच नाही म्हणायला लागला.

“पेज घेता?” मान डावीकडून उजवीकडे. “खिडकी उघडू?” नाही. “रेडिओ लावू?” नाही. व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीवाला मुलगा यायचा, त्यालाही नाही. रात्री ती शेजारी आडवी झाली की अंधारात उशीवर मान घासल्याचा आवाज यायचा, नाही, नाही, नाही. डोळ्याला डोळा लागेना. सकाळी यंत्रावर बसली की सुईत दोरा ओवता ओवता तिला पेंग यायची.

नणंद भेटायला आली. भावाची दशा पाहिली, वहिनीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली, आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, “वहिनी, माझ्या ओळखीची एक जागा आहे. अशा पेशंटना ठेवून घेतात. नर्स असतात दिवसरात्र.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक येणारेत का रात्री उठायला?”

बायको भाताची वाटी घेऊन त्याच्यापाशी बसली. घास पुढे केला, त्याने मान हलवली. तिचा धीर सुटला. “मी नको झालेय का तुम्हाला? तसं सांगा एकदाचं.” त्याने मान हलवली, मग पुन्हा, पुन्हा, थांबेचना. हे ‘नको नाहीस’ की ‘नको’, ते कोण सांगणार? तिने वाटी खाली ठेवली आणि नणंदेला म्हणाली, “बघ तुझी ती जागा. आठवडा-दोन आठवड्यांत ठरवू.”

उशीच्या खोळी बदलायचा तिचा दिवस होता. दुपारी त्याला पाठीशी लोड देऊन बसतं केलं आणि तिने खोळ काढली. कपड्यातली बाई ती, बोट फिरवल्याशिवाय खोळ धुवायला टाकणार थोडीच. मधे कापड नव्यासारखं, आणि दोन बाजूंना, बरोबर गालांच्या जागी, सूत घासून गोळे उठलेले. त्यात पांढरा कोंडाही. घासून घासूनच कापड असं होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

ती खोळ हातात घेऊन बसली. तिने काही विचारलं नव्हतं. तरी त्याने मान हलवली. डावा गाल लोडाला, उजवा गाल लोडाला.

ती उठली. त्याच्या गालावरचे केस बोटांनी बाजूला केले. खाली कातडी कोरडी ठणठणीत, लाल झालेली, पापुद्रे सुटलेले.

“अहो, खाजतंय?”

मान पहिल्यांदाच खाली-वर झाली. डोळ्यांतून पाणी आलं ते दाढीत उतरलं, आणि तेही त्याला झोंबलं असणार. तिने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. दुखतंय का, भूक आहे का, राग आलाय का, सगळं विचारून झालं होतं. एवढंच कुणाला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी फिजिओवाला आला. त्याला स्वतःला छातीपर्यंत दाढी. तो म्हणाला, “काकू, मलाही सुचलं नाही, माझंही चुकलं. सुरुवातीचे आठवडे असेच जातात. ब्लेडने कापलेल्या केसाला धारदार टोक असतं. जरा वाढून वाकला की तेच कातडीत टोचतं.”

“कॉलरच्या शिवणीत नायलॉनच्या दोऱ्याचं टोक राहतं, तसं?”

“अगदी तसं. आणि साबणाने तेल निघून जातं, पावडर आणखी कोरडं करते. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.”

साबण बंद झाला, पावडर बंद झाली. रोज कोमट पाण्याने नुसतं धुणं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा सौम्य शांपू, तोही पूर्ण निघेपर्यंत पाणी. मऊ कापडाने टिपायचं, चोळायचं नाही. केस ओलसर असतानाच बिनवासाच्या बदाम तेलाचे चार थेंब तळहातावर घेऊन बोटांच्या पेरांनी मुळाशी, कातडीला लावायचे. केसांना वरवर चोपडून उपयोग नाही, तो मुलगा म्हणाला होता. नखं लावायची नाहीत, कितीही हात शिवशिवला तरी. शेवटी लहान मुलांच्या केसांचा मऊ ब्रश फिरवायचा, तेल पसरतं आणि केस एका वळणाला लागतात.

खाज एका दिवसात गेली नाही. तिसरा आठवडा कण्हत गेला. रात्री तो घासायला लागला की ती उठून कोमट कापड गालावर धरायची, बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. मग पापुद्रे गेले, लाली गेली. चौथा आठवडा सरत आला तेव्हा केस लांब होऊन कातडीवर आडवे पडले होते, बोटांना टोचत नव्हते. मान उशीवर स्थिर राहू लागली. पेज घेता का विचारलं की तो होकार द्यायचा, खिडकी उघडू का विचारलं तरी होकार.

तेवढ्यात नणंदेचा निरोप आला, जागा रिकामी झाली आहे, लगेच कळव.

तिने दाढीला तेल लावता लावता विचारलं. आता मान हलेल तर उत्तरासाठीच हलेल, हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच विचारायला जीभ रेटत नव्हती. “तिकडे जायचंय का तुम्हाला? त्या जागेत?”

त्याने तिच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं, तारवटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग मान सावकाश खाली गेली, वर आली. हो.

स्वतःसाठी म्हणत नव्हता तो. जन्मभर दुसऱ्यांच्या ड्यूट्या मोजलेला माणूस, तिची किती झाली हे त्याला कळत होतं. आणि क्षणभर, अगदी क्षणभर, तिला वाटलं की बरं झालं, हा स्वतःच म्हणाला. तसं वाटल्याची तिला लाज वाटली नाही. ती फार दमली होती.

तिने तेलाचे हात पदराला पुसले आणि फोन लावला.

“वहिनी, काय ठरलं? हो म्हणाला का दादा?”

“म्हणाला.”

“मग गाडी सांगू?”

“गाडी नको सांगू,” ती म्हणाली. “तूच ये. आठवड्यातून दोन रात्री इथे झोप, त्याच्या खोलीत. दाढीला तेल कसं लावायचं ते दाखवते. मला झोपायचंय गं.”