बाहेर पडलेला अर्धा दाणा

ओतूरला माझं पंपाच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेली वायर काढून नवी गुंडाळायचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार आणून टाकणारा प्रत्येक गडी एकच सांगतो, "कायबी केलं न्हाई राव, आपोआप जळाली." मी मोटार उघडतो आणि आतली वायर सगळं बोलते. ही पाण्याविना कोरडी चालली, ही तीनऐवजी दोनच फेजवर चालली. वीस वर्षं हे केल्यावर माणसाच्या तोंडच्या शब्दावर विश्वास राहत नाही. बायको म्हणते, तुम्हाला देव भेटला तरी आधी झाकण खोलून बघाल.

धाकटी दीड वर्षाची होती. उन्हाळी भुईमूग पेरायचे दिवस. माझी आई ओसरीवर बियाण्याच्या शेंगा फोडत बसलेली. बियाणं ती मशिनवर कधी फोडू देत नाही. मशिनने दाण्याचं साल निघतं आणि साल गेलेला दाणा उगवत नाही, म्हणून एकेक शेंग हाताने. मी दुकानातून आलो, पोरीला उचललं, जरा खेळवलं आणि आईजवळ सोडून पाय धुवायला गेलो.

मागे ठसका ऐकू आला. धावत आलो तर पोर निळी पडायला लागलेली. आईने तिला मांडीवर पालथं घातलं आणि पाठीत चार धपके दिले. दाणा बाहेर पडला, पोर रडली, सगळ्यांच्या जिवात जीव आला. आईने तो दाणा उचलून न्याहाळला आणि माझ्या हातावर ठेवला.

"ध्यान कुठं व्हतं तुझं?" मी म्हणालो.

"म्या न्हाई दिला," आई म्हणाली.

मला हे वाक्य रोज दुकानात ऐकायची सवय आहे. मी दाणा खिशातल्या एका कागदात गुंडाळून ठेवला. गिऱ्हाइकाला दाखवायला जळका भाग ठेवतो, तसाच. त्या दिवसापासून आईशी बोलणं बंद केलं.

तिसऱ्या दिवशी पोरीच्या श्वासात शिट्टी वाजायला लागली. ओतूरच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी छातीला नळी लावली आणि उजवीकडे पुन्हा पुन्हा ऐकत राहिल्या. एक्स-रे काढायला लावला. फोटो आल्यावर म्हणाल्या, "उजवं फुप्फुस बघा. नको तेवढं काळं आहे. त्यात हवा अडकलीय. ठसका लागला होता, तर दाणा आतच असणार. आजच पुण्याला न्या."

मी फोटो उजेडाला धरला. डावी बाजू पांढरट, उजवी काळीभोर. एवढं मलाही ठाऊक होतं की काळं म्हणजे हवा. फुप्फुसात हवा नाही तर काय पाणी पाहिजे? बिघाड असलाच तर पांढऱ्या बाजूला.

"दाना तर बाहेर पडलाय. आन आत असंल तर फोटूत दिसंना का?"

"नाणं असतं तर दिसलं असतं. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही."

दिसत नाही ते मला दाखवतात आणि वर पुण्याला धाडतात, म्हणजे तिकडच्या दवाखान्याशी यांचं साटंलोटं असणार, असं मी बायकोला पायऱ्यांवरच सांगितलं. पोरीच्या बरगड्यांखाली दर श्वासाला खड्डा पडत होता, ती तो बघत होती.

पुण्याच्या वाटेवर मंचरला गाडी थांबवली. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं ओतूरशी काही साटंलोटं असण्याचं कारण नव्हतं, म्हणून त्यांच्यापुढे फोटो टाकला आणि कुणी काय सांगितलं ते सांगितलंच नाही. फसवायचाच बेत होता. त्यांनी फोटो पाहिला, पोरीला उजव्या कुशीवर निजवून दुसरा काढून घेतला आणि दोन्ही शेजारी शेजारी लावले.

"कुशीवर निजलं की खालचं फुप्फुस दबतं आणि फोटोत पांढरट दिसायला पाहिजे. हे खाली असूनही काळंच राहिलंय. हृदयही डावीकडे ढकलल्यासारखं दिसतंय. तुम्ही काय करता?"

"मोटारी भरतो."

"मग फुटवॉल माहीत असेल."

फुटवॉल मला माहीत नसेल तर कुणाला? विहिरीत पाइपच्या बुडाशी बसतो. पाणी वर जाऊ देतो, माघारी येऊ देत नाही.

"दाण्याने तेच केलंय. श्वास घेताना नळी जरा रुंदावते, हवा कडेने आत जाते. सोडताना नळी आवळते आणि वाट बंद. म्हणून ती बाजू फुगलीय. काळी बाजूच आजारी आहे."

मी शेवटचा पुरावा काढला. कागद टेबलावर उघडला. "मंग हा काय? हा तर बाहेर आलाय."

त्यांनी दाणा चिमटीत धरला आणि माझ्याकडे बघितलं. "ही एकच पाकळी आहे. दुसरी कुठाय?"

तीन दिवस तो दाणा मी छातीशी बाळगला होता आणि तो अर्धा आहे हे मला दिसलं नव्हतं. ओतूरहून सरळ गेलो असतो तर एव्हाना पुण्यात असतो. त्यांनीच रुग्णवाहिका बोलावली. पोरीला काही खायला-प्यायला द्यायचं नाही, पाठीत मारायचं नाही, रडवायचं नाही, तिच्या आईच्या मांडीवर बसवूनच न्यायचं. दाणा हलून मोठ्या नळीत अडकला तर दोन्ही बाजू बंद पडतील, हेही त्यांनी लपवलं नाही. पुण्यापर्यंत मी प्रत्येक गतिरोधक मोजला.

पुण्यात पोरीला भूल दिली आणि तोंडातून श्वासनळीत दुर्बीण घातली. मी दाराबाहेर उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणावरही संशय घ्यावासा वाटेना. हे लोक खरं बोलत असू देत, एवढंच मनात होतं. बऱ्याच वेळाने सर्जन बाहेर आल्या. "निघाला. आता दोन्हीकडे हवा नीट जाते-येते." त्यांच्या हातातल्या बाटलीत फुगलेली दुसरी पाकळी होती. मी आपला कागद काढला. दोन्ही मिळून एक दाणा झाला.

त्या पांढऱ्या उजेडात मी पहिल्यांदा नीट बघितलं. माझ्याकडची पाकळी तपकिरी होती. बियाण्याचा दाणा कच्चा असतो, आतून पांढरा. हा भाजका होता. कागदाच्या घडीत मीठ होतं आणि दोन-चार लालसर सालं. दुकानासमोरच्या भट्टीवाल्याकडून मी रोज दुपारी खाऱ्या दाण्यांची पुडी घेतो आणि उरलेली खिशात ठेवतो. त्या संध्याकाळी पोर कडेवर असताना माझ्या खिशाशीच खेळत होती.

चौथ्या दिवशी पोरीला घेऊन घरी आलो. आई ओसरीवर शेंगा फोडत होती. मी समोर उभा राहिलो. मला फार लाज वाटत होती.

"आई, दाना तुझा नव्हता. माझ्या खिशातला व्हता."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "हातात घेतला तवाच कळलं. भाजका व्हता."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू आयकलं असतं व्हय?"

मी खाली बसलो आणि सुपातली शेंग उचलून फोडायला लागलो. आईने माझे पहिले चार दाणे उचलून उजेडाला धरले आणि साल शाबूत आहे का ते बघून मगच डब्यात टाकले.