पाणी काढून

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका चार मजली गाळ्यांच्या इमारतीच्या तळाला चंद्रप्रकाश शेठचं कॅन्टीन आहे, आणि त्या कॅन्टीनच्या भट्टीपाशी एकोणीस वर्षं वनमालाबाई उभ्या आहेत. वर कुणी इंजेक्शनच्या बाटल्यांची झाकणं बनवतं, कुणी लेबलं छापतं. बारा वाजले की सगळे खाली उतरतात आणि आधी वास घेतात. शुक्रवार असला तर वास न घेताच बसतात, कारण शुक्रवारी मश्रूम-मटार असतं, आणि वनमालाबाईंचं मश्रूम-मटार म्हणजे त्या इमारतीतला एक सणच.

बाई मूळच्या समुद्रकाठच्या आचऱ्याकडच्या. शिक्षण सातवीपर्यंत, पण वजन-मापात त्यांना फसवणं म्हणजे सशाची शिंगं शोधणं. ही विद्या आईची. आई सोललेली कालवं विकत घ्यायची ती पेल्याच्या मापानं. विकणारी पेला भरून पुढे करायची, आणि आई तो तसाच चाळणीत उपडा करायची. पाणी गळून गेलं की उरेल तेवढंच परत पेल्यात घालून दाखवायची. "पाण्याचे पैसे मी देवचंय नाय," एवढंच बोलायची. विकणारीचं तोंड एवढंसं व्हायचं. लहानगी वनमाला पदराआड लाजायची, आणि तरी ते तिच्या मनात घट्ट बसून राहिलं.

एवढी विद्या असून बाईंच्या हातून चूक झालीच. विद्या असते तिथेच माणूस गाफील राहतो, म्हणतात ते खोटं नाही.

झालं असं, की गेल्या महिन्यात शेठनी खरेदीला प्रितम नावाचा मुलगा नेमला. घाटकोपरचा, कॉमर्स झालेला, कामाला चोख, बोलायला गोड. त्याची पद्धत नवी होती. तो घाऊक दुकानात जाऊन शेल्फचे फोटो काढायचा, कॅन्टीनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, आणि किमतीच्या पट्टीवर शंभर ग्रॅमला जो दर लिहिलेला असतो त्यावर बोट ठेवायचा. सगळ्यांत कमी दर तो माल आपला. मश्रूमचा हिरवा डबा वर्षानुवर्षं यायचा. आठशे ग्रॅम, एकशे बत्तीस रुपये, म्हणजे शंभर ग्रॅमला साडेसोळा. प्रितमनं शेजारचा लाल डबा शोधला. साडेआठशे ग्रॅम, एकशे एकोणीस रुपये, शंभर ग्रॅमला चौदा. माल जास्त आणि दर कमी. शेठ इतके खूश झाले, की त्यांनी त्याला स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला.

पहिल्या शुक्रवारी बाईंनी दहा लाल डबे फोडून मोठ्या चाळणीत ओतले, तेव्हा चाळणी भरली नाही. हिरव्या डब्यांनी ती काठोकाठ भरायची आणि चाळीस प्लेटी निघायच्या. बाईंनी प्रितमला हाक मारली. "अरे, यात पाणी जास्ती वाटतंय."

"मावशी, उलट पन्नास ग्रॅम जास्त आहेत डब्यामागे," तो हसून म्हणाला. "छापलंय त्यावर."

छापलंय म्हटल्यावर बाई गप्प बसल्या. मश्रूमच बारीक असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण चाळीसच्या ठिकाणी चौतीस प्लेटी वाढायच्या म्हणजे नाक कापल्यासारखंच. एकोणीस वर्षांत माझं पातेलं कधी कमी पडलं नाही, हा त्यांचा ताठा. मग त्यांनी मूठ-मूठ मटार जास्त टाकले आणि चाळीस प्लेटी पुऱ्या केल्या. दुसऱ्या शुक्रवारीही तेच. कुणाला काही सांगितलं नाही. मला त्यांचा राग येतो तो इथेच. चाळणी भरली नाही हे दिसत असताना बाईंनी गळलेले मश्रूम काट्यावर ठेवले असते, तर पुढचं काही घडलंच नसतं.

तिसऱ्या शुक्रवारी मटारच संपले. प्लेटी चौतीस निघाल्या, वरच्या मजल्यावरचे सहा जण डाळ-भात खाऊन गेले आणि जाताना शेठना चार शब्द सुनावून गेले.

प्रितमनं हिशेब मांडला. आठ किलोत चाळीस प्लेटी, तर साडेआठ किलोत बेचाळीस निघायला हव्यात. निघाल्या चौतीस. आठ प्लेटींचं मश्रूम गेलं कुठे? शिवाय मटारही महिनाअखेरीच्या आधीच संपलेले! कागदावर सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि कागदाच्या टोकाला एकच माणूस उभं होतं. शेठ वाईट माणूस नव्हेत. त्यांनी बाईंना विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण विचारायची त्यांनाच लाज वाटली. त्याऐवजी त्यांनी फाटकावरच्या खंडू वॉचमनला सांगितलं, की आजपासून जाताना सगळ्यांच्या पिशव्या बघायच्या.

सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्या, हे खंडूला कळत होतं आणि बाईंनाही. संध्याकाळी पाच वाजता, वरच्या कंपन्यांची माणसं सुटायच्या वेळेला, खंडूनं मान खाली घालून म्हटलं, "मावशी, जरा पिशवी... शेठनी सांगितलंय." बाईंनी चेन उघडली. आत छत्री, चष्म्याचं घर, रिकामा डबा. लेबलं छापणारी दोन पोरं मागे थबकली होती. बाई तडक निघाल्या. बसथांब्यापर्यंत आल्या आणि तिथल्या बाकावर बसून रडल्या, अगदी हुंदके देऊन. दोन बस गेल्या, तरी उठल्या नाहीत.

घरी लेक मानसी वाट बघत होती. तिनं सगळं ऐकलं आणि भडकली. "आई, सोड ना ती नोकरी! चोर म्हणतात तुला, आणि तू उद्या परत जाणार?"

"सोडलं तर चोरच ठरतंय मी, गो," बाई म्हणाल्या. "आधी कळूदे, माझी भाजी गेली खय."

लाल डबे संपले होते, रिकामे भंगारवाला घेऊन गेला होता. दाखवायला हातात काहीच नव्हतं. पण रविवारी दुपारी ग्रुपवर प्रितमचा नवा फोटो आला. पुढच्या ऑर्डरसाठी शेल्फचा. हिरवे डबे, लाल डबे, आणि त्यांच्या बाजूला एक निळा, नव्यानं आलेला. खाली प्रितमनं लिहिलं होतं : लालच घेऊ, अजून चौदाच आहे.

बाईंनी चष्मा लावला. एरवी त्या फोटो बघून सोडून देत. आज एक-एक डबा बघत गेल्या. लाल डब्यांच्या ओळीत एक डबा कुण्या गिऱ्हाइकानं उचलून तसाच आडवातिडवा ठेवला होता. बाकीच्यांची तोंडं समोर, याची कूस समोर. "मानसी, हा डबा मोठा कर जरा."

मानसीनं दोन बोटांनी फोटो ताणला. कुशीवर बारीक अक्षरांत दोन आकडे होते. "नेट वेट आठशे पन्नास. आणि खाली... ड्रेन्ड वेट तीनशे ऐंशी."

"ते दुसरं म्हणजे काय?"

"पाणी काढून टाकल्यावर उरतं ते वजन."

 बाई एकदम म्हणाल्या, "चाळणी!" आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "माझी आई असती तर पहिल्याच दिवशी उपडा करून मापला असता. मी मटार घालीत बसले."

हिरव्या आणि निळ्या डब्यांवर दोन्ही आकडे समोरच होते. हिरव्यात पाणी काढून चारशे चाळीस, निळ्यात चारशे ऐंशी. निळ्याची किंमत एकशे एक्केचाळीस आणि पट्टीवरचा दर तिघांत सगळ्यांत जास्त, साडेसतराच्या वर. मायलेकींनी कॅलेंडरच्या पाठीवर आकडे मांडले. किमतीला वरच्या वजनानं भागायचं नाही, मश्रूमच्या वजनानं भागायचं. हिरवा पडला शंभर ग्रॅम मश्रूमला तीस रुपये. लाल, जो चौदा म्हणून मिरवत होता, तो पडला एकतीस रुपये बत्तीस पैसे. आणि महाग म्हणून बाजूला राहिलेला निळा, एकोणतीस रुपये अडतीस पैसे. मानसीनं तीनदा भागाकार केला. आणि दहा लाल डब्यांत मश्रूम तीन किलो आठशे, हिरव्यांसारखं चार किलो चारशे नव्हे. एका प्लेटीत एकशे दहा ग्रॅम मश्रूम, म्हणजे प्लेटी चौतीस. बरोबर चौतीस!

सोमवारी सकाळी बाई शेठच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. प्रितमही तिथेच होता. त्यांनी कॅलेंडरचा कागद पुढे केला नाही. "एक लाल डबा मागवा," म्हणाल्या. "मी पैसे देते."

डबा आला. बाईंनी तो दोघांसमोर फोडला, चाळणीत ओतला, खाली पातेलं ठेवलं आणि हात बांधून उभ्या राहिल्या. पाणी गळत राहिलं, मग थेंब-थेंब, मग थांबलं. मश्रूम काट्यावर चढले. तीनशे अठ्ठ्याहत्तर.

"आता पातेल्यातलं बघा," बाई म्हणाल्या. "बाकी सगळं यातच होतं. माझ्या पिशवीत नव्हतं."

शेठनी पातेल्याकडे बघितलं आणि नजर वळवली. प्रितमनं रिकामा डबा उचलला, फिरवला, कुशीवरची बारीक ओळ वाचली. त्याचे कान लालबुंद झाले. "मी फक्त पट्टी बघितली," तो म्हणाला. "मावशी, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत."

"सांगितलं, पण अर्धवट," बाई म्हणाल्या. "आणि मटार मी वाढवले होते, शेठ. पातेलं कमी पडलेलं मला दाखवायचं नव्हतं. ते तुम्हाला न सांगता केलं, ती चूक माझी."

शेठ पुटपुटले, झालं गेलं विसरून जा, खंडूला सांगतो. बाईंनी मान डोलावली आणि भट्टीकडे वळल्या. पण त्यांच्या मनातला सल काही गेला नाही. पिशवी उघडली होती ती फाटकावर, आणि समजूत काढली ती आतल्या खोलीत.

संध्याकाळी पाचला फाटकाशी नेहमीची गर्दी होती. बाई दिसताच खंडूनं घाईघाईनं हात हलवला, जा मावशी, जा. तेवढ्यात मागून प्रितम आला, पुढे झाला, आणि आपली लॅपटॉपची बॅग खंडूच्या टेबलावर ठेवून तिच्या सगळ्या चेनी उघडल्या.

"माझी बघ आधी," तो मोठ्यानं म्हणाला. "त्या दिवशी मावशींची पिशवी माझ्या चुकीमुळे बघितली गेली. भाजी डब्यातच कमी होती, आणि डबे मी आणले होते." लेबलं छापणारी ती दोन पोरं तिथेच होती. 

वनमालाबाईंनी पुढे होऊन त्याच्या बॅगेच्या चेनी एक-एक करून लावल्या. एक चेन दोनदा अडकली.

"पुढच्या खेपेला दुकानात मला घेऊन जा रे," त्या म्हणाल्या. "तू समोरून फोटो काढ, मी डबे फिरवून धरते."