प्लस तीन आणि घोड्याचा बळी

आखाडा बाळापुरात मी लेकरांना बुद्धिबळ शिकवतो. एक पोरगी स्पर्धेत हरून आली. "सर, घरी मोबाइलातलं इंजिन मला प्लस तीन दाखवून राहिलं होतं, मंग हरले काहून?"

प्लस तीन म्हणजे तीन प्याद्यांइतकी आघाडी. चाली सुचवणाऱ्या त्या इंजिनची पहिल्या पसंतीची चाल, घोड्याचा बळी, तिनं घरी पाठ केली होती. समोरच्यानं वेगळं उत्तर दिलं आणि तिला पुढचं सुचेना.

"पोरी, दोघंही बिनचूक खेळतील असं धरून तो आकडा येतो. आधी स्वतःची चाल ठरव, मग इंजिन लाव. आपल्या चालीला ते काय उत्तर देतं ते बघ. चूक तिथं कळते."

"बराबर, सर."

मी पटावर अर्ध्यात आलेला एक नवा डाव मांडला. "कोणाची बाजू वरचढ आहे, सांग."

तिनं पटाकडं पाहिलंच नाही. "मोबाइलची बॅटरी संपली, सर."