कोण वापरणार आहे?

मी ज्या दुकानात नोकरी करते ते फक्त फोनवर आहे. भांडी, मिक्सर, कुकर, सुऱ्या, स्वयंपाकघरातलं सगळं तिथे मिळतं. ऑफिस महापेला, काचेच्या एका इमारतीत. दुकानात शिरलं की एक चॅटबॉट बोलतो. 'काय हवंय' याच्या आधी तो 'कोण वापरणार आहे' असं विचारतो. घरात माणसं किती, रोज काय शिजतं, किती खर्च करायचा विचार आहे, हेही विचारतो. मग आमच्या यादीतल्या वस्तूंमधून गरजेला बसेल ती सुचवतो, आणि स्वस्तातली पुरणार असेल तर तसं सरळ सांगतो. कशावर दुकानाला जास्त पैसे सुटतात ते त्याने बघायचंच नाही, अशी त्याला सूचना दिलेली होती.

माझं काम त्याच्यावर लक्ष ठेवण्याचं. एकच गरज मी त्याला दोन तऱ्हांनी सांगायची. एकदा पाम बीच रोडवरच्या टॉवरमधल्या बाईच्या तोऱ्यात, एकदा आमच्या कोपरखैरण्याच्या भाषेत. वस्तू तीच सुचवली पाहिजे. तोऱ्याला भुलून त्याने महागाची सुचवली की मी त्याची तक्रार लिहायची. शिवाय लोकांच्या गप्पा वाचायच्या, विशेषतः ज्यांनी पुष्कळ बोलून काहीच घेतलं नाही त्यांच्या. नाव, नंबर झाकलेले असतात. नुसतं बोलणं उरतं.

अशाच वाचनात एक माणूस पुन्हा पुन्हा यायला लागला. म्हणजे माणूस एकच, हे मला भाषेवरून वाटायचं. बॉटला मागचं काही आठवत नसे, त्याच्यासाठी प्रत्येक बोलणं नवं. हा माणूस फोनमध्ये बोलायचा आणि फोन ते लिहून घ्यायचा.

'मिक्सर पायजे. बायकूसाठी.'

बॉटने विचारलं, त्या त्यात काय वाटणार?

'खर्डा. शेंगदान्याची चटनी. दोगंच हाय आमी. तिचा डावा हात चालत न्हाय.'

बॉटने लिहिलं की दोन माणसांच्या चटणीला मोठा मिक्सर नको. मोठ्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून फिरवावं लागतं. छोटं भांडं घ्या, वरून एका हाताने दाबलं की फिरतं, आणि किंमतही कमी आहे. मला उत्तर आवडलं. माणसाने मात्र 'बरं' म्हटलं आणि काही न घेता निघून गेला. पुढे तो भाजीचं सोलाणं विचारायला आला, मग कढई. दर वेळी तिच्याबद्दल बोलायचा. बॉट विचारायचा आणि हा सांगत राहायचा.

त्याने परात विचारली त्या वेळी मी वाचता वाचता थांबले. 'ती परातीखाली वलं फडकं टाकते,' असं त्याने सांगितलं होतं. 'एका हातानं मळायचं तर परात सरकती. मी धरतो म्हनलं की रागावती. म्हनती, तुमी भायेर बसा.'

ही आई होती. आईचाही डावा हात चालत नसे, पण हा माणूस जिवंत बायकोचं बोलत होता, म्हणून मला तोवर शंका आली नव्हती. आईच्या परातीखाली पिवळ्या टॉवेलचा तुकडा असायचा, आणि आबा, म्हणजे माझे वडील, परात धरायला गेले की ती त्यांना असंच बाहेर हाकलायची. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. मी भ्यालेच होते. पडद्यावर आई पीठ मळत होती, आणि बॉट अदबीने विचारत होता की त्यांना परात किती जड चालेल.

कुकरची रिंग मागवता यावी म्हणून आबांच्या फोनमध्ये आमच्या दुकानाचं ॲप मीच घातलं होतं. आबा तुर्भ्याच्या मार्केटला माथाडी होते. जन्मभर पाठीवर गोण्या वाहिल्या, बोलायची सवय कधी नव्हतीच. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघं, आणि तिचा विषय दोघंही काढत नसू. फोटोला हार घालायचा आणि आपापल्या कामाला लागायचं. मी त्यांना काही विचारलं नाही. रोज ऑफिसात जाऊन आधी तेच शोधायची मात्र. आईने आज काय केलं, हे मला तिथे कळायचं.

मग मीटिंगमध्ये आमच्या मॅडम म्हणाल्या, "बॉट लय क्वेश्चन्स विचारतो. लोक बोअर होऊन निघून जातात. एक ट्रायल करूया. एक प्रश्न, की लगेच प्रीमियम दाखवायचं."

मी म्हटलं, "मॅडम, गरज न विचारता महाग दाखवलं तर ती जबरदस्तीच झाली."

"अगं, टेन्शन नको घेऊस. थोड्याच कस्टमर्सवर करतोय."

ट्रायलमध्ये कोणाला नवा बॉट मिळेल ते मशीन आपोआप ठरवतं. आबांना नवा मिळाला.

'मिक्सर पायजे,' आबांनी पुन्हा म्हटलं होतं.

बॉटने फक्त खर्चाचं विचारलं, आणि यादीतला सगळ्यात मोठा फूड प्रोसेसर पुढे केला.

'पन तिला एकच हात हाय. आधी इचारा तरी.'

बॉटने त्याच प्रोसेसरचे आणखी गुण सांगितले. कणीकसुद्धा मळतो, म्हणाला.

'तिचं काय इचारत न्हाय का आता?'

बॉटने विचारलं, ऑर्डर नक्की करू का?

'करा,' आबांनी म्हटलं होतं.

त्या दिवशीच्या अहवालात ट्रायल यशस्वी होती. मी मॅडमसमोर ते बोलणं उघडून ठेवलं आणि म्हटलं, "हे माझे वडील आहेत. ज्या बाईसाठी हे विकलं ती जिवंत नाही. जुना बॉट निदान तिच्या हाताचं विचारत होता." माझा आवाज चढला होता, शेजारच्या खुर्च्या वळल्या. मॅडमनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग हळूच म्हणाल्या, "सॉरी गं. बंद करते." संध्याकाळच्या आत जुने प्रश्न परत आले.

पण खोकं घरी येऊन पोचलं होतं. मी दार उघडलं तेव्हा आबा ओट्याजवळ उभे होते. प्रोसेसर खोक्याबाहेर काढलेला. त्यांनी डावा हात पोटाशी मुडपून धरला होता, आई धरायची तसाच, आणि उजव्याने झाकण फिरवायला बघत होते. भांडं झाकणासकट गोल फिरत होतं. त्यांनी खाली ओलं फडकं घातलं होतं, तो पिवळा तुकडा. मला क्षणभर पाठमोरी आईच दिसली.

"न्हाय उघडत," आबा मागे न वळता म्हणाले. "तिला न्हाय जमायचं."

"मग घेतलंत कशाला?"

"इचारायचं बंद केलं त्यानं. म्हनलं, घेतल्यावर तरी कोन वापरतंय म्हनून इचारंल."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. नंतर आम्ही दोघं जमिनीवर बसलो. वस्तू परत करायची तर बॉटलाच सांगावं लागतं. मी फोन घेतला, आबा चष्मा लावून शेजारी सरकले.

काय अडचण आली, त्याने विचारलं. झाकण एका हाताने उघडत नाही, मी लिहिलं. वस्तू परत न्यायला माणूस येईल, असं त्याने कळवलं. दुसरं काही बघायचं असेल तर मदत करतो, म्हणाला, पण त्याआधी एक सांगा, कोण वापरणार आहे?

आबा माझ्याकडे बघत होते. हा प्रश्न मी ऑफिसात इतक्यांदा तपासला होता.

'आई,' मी लिहिलं.

"डाव्या हाताचं लिही," आबा म्हणाले.