मांजरीचं घर जिथल्या तिथे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. बी.ए. झाले तेव्हा काळा गाऊन घातलेला माझा फोटो बाबांनी मोठा करून, काच लावून आणला. ते मिलमध्ये कामाला होते. फोटो दारातून पाय ठेवताच समोर दिसला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. चौदा एप्रिलला, जयंतीला, कामठीहून आत्या येणार, वस्तीतली माणसं येणार. पोरगी शिकली हे तोंडाने सांगायची वेळ येऊ नये! मलाही ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

पण समोरच्या भिंतीशी लोखंडी पेट्या होत्या आणि त्यांच्यावर गाद्यांची चळत, पार वाशांपर्यंत. त्या हलवायच्या, तर आमची आंधळी मांजर आड येत होती.

पिल्लू असतानाच तिचे डोळे आले, पुवाने चिकटले आणि गेले. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, "नाक, कान, मिशा शाबूत आहेत. सामान हलवू नका, ती मजेत राहील." आणि ती राहिलीही. खाटेच्या पायाला गाल घासत निघायची, पेटीच्या कोपऱ्याशी वळायची आणि स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या वाटीशी नेमकी थांबायची. स्टुलावरचा रेडिओ सुरू असला की आवाजावरून तिला खोलीची दिशा कळे. जेवण वाढताना आई वाटीवर चमचा वाजवी. आम्ही बोलल्याशिवाय तिला हात लावत नसू. आल्यागेल्याला ती आंधळी आहे हे सांगूनही पटायचं नाही.

जयंतीच्या आधी वस्तीत घरोघरी नीळ घातलेला चुना लागायचा. त्या दिवशी मांजरीला स्वयंपाकघरात कोंडून आम्ही सगळं सामान अंगणात काढलं. पेट्या, खाटेचे पाय, फरशी, सगळं सोड्याच्या पाण्याने खसाखसा घासलं. "पाहुणे येऊन राहिले, अन् हे बोरं वास मारते," म्हणत आईने मांजरीचं निजायचं पोतंही धुऊन टाकलं. मग पेट्या बाजूला गेल्या, खाट समोर आली आणि खाटेच्या वर माझा फोटो लागला. बाबा दोनदा बाहेर जाऊन दारातून पाहून आले.

मांजरीला सोडलं. ती सवयीने वळली ती थेट पेटीवर आदळली. मागे फिरली तर भिंत. भिंत हुंगली तर नुसता चुना. जिथे उभी होती तिथेच पोट फरशीला टेकून बसली. आईने चमचा वाजवला तेव्हा कान फिरले, पाय उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. खाणं नाही, पाणी नाही, बसल्या जागी ओलं केलेलं.

"अजी, हे मांजर मरते आता," आई म्हणाली.

"बाईसंगं कामठीले पाठवून देऊ," बाबा म्हणाले. आत्याला ते बाई म्हणत. "तिच्या घरी लूमची शेड हाय. लय उंदरं हायेत तिथी."

"बाबा, तिथे दिवसभर खटखट चालते. डोळे नाहीत, आता कानही काढून घेता का तिचे?"

"मंग काय करू? सांग ना, तू तं शिकलेली हायेस."

"पेट्या होत्या तिथे ठेवा. खाट होती तिथे ठेवा."

"अन् फोटो?"

"फोटोले काय, तो काय अडखळून पडते?" आई म्हणाली.

बाबांनी फोटो खिळ्यावरून उतरवला. मग खाटेचं एक टोक उचलून म्हणाले, "धर वं."

फरशीवर खाटेच्या पायांचे आणि पेट्यांचे जुने घासलेले डाग होते. पेट्या आणि खाट त्यांच्यावर बरोबर बसवली. पण धुतलेल्या सामानाला तिचा वास कुठला? मी नावाने हाक मारत तिच्याजवळ गेले, सुती फडकं तिच्या गालांवर हलके चोळलं आणि तेच तिच्या नाकाच्या उंचीवर खाटेच्या पायांना, पेटीच्या कोपऱ्याला, चौकटीला पुसलं. रेडिओ लावला. तिला उचलून पाण्याच्या वाटीशी ठेवलं, म्हणजे आपण कुठे आहोत ते तिला कळेल. ती तिथेच बसली. बऱ्याच वेळाने पाणी प्याली. संध्याकाळी चमचा वाजला तेव्हा ती खाटेजवळ होती. पायाला गाल घासला, पेटीशी थबकली, हुंगलं, वळली आणि वाटीशी आली. आई चमचा हातात धरून बसूनच राहिली.

जयंतीला घर माणसांनी भरलं. फोटो दारामागच्या भिंतीवर होता, दार लावल्याशिवाय दिसत नव्हता. बाबा एकेकाला आत घेत, दार लोटून घेत आणि म्हणत, "आता पाहा." आत्या खाटेवर पाय सोडून बसली होती.

"बाई, पाय वर घे," बाबा म्हणाले.

"काहून गा?"

"तिची वाट हाय तिथून."

आत्याने पाय वर घेतले. मांजर खाटेला गाल घासत तिच्यासमोरून गेली.