आठव्या घरातली विहीर

मी आज जो काही आहे तो माझ्या आत्यामुळे. तिचं गाव कंधार तालुक्यात. शाळेसाठी मी पाच वर्षं तिच्याकडे राहिलो. उन्हाळ्यात ती पहाटे दोन घागरी आणायची आणि त्यातली एक माझ्या अंघोळीला द्यायची, कारण मला बसनं शाळेत जायचं असे. घरातले बाकीचे तिसऱ्या दिवशी अंघोळ करत. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, त्यामागे ती घागर आहे.

पदवीनंतर लातुरात नोकरी लागली. जुनी सरकारी रजिस्टरं स्कॅन होऊन येत, मशीन त्यातले आकडे वाचून तक्ता बनवी आणि तो तपासून दुरुस्त करायचं काम आमचं. एकदा निरीक्षण विहिरींचं, म्हणजे पाण्याची पातळी मोजायला सरकारनं गावोगाव ठरवलेल्या एकेका विहिरीचं, रजिस्टर आलं. एका पानावर आठ गावांचे आठ रकाने होते. मथळ्याखाली प्रत्येक विहिरीची एकूण खोली आणि त्याखाली दर मोजणीला जमिनीपासून पाणी किती मीटर खाली होतं, ते लिहिलेलं. शेवटचा, आठवा रकाना आत्याच्या गावाचा होता.

मशीननं काढलेल्या तक्त्यात त्या रकान्यातले सगळे मे महिने रिकामे होते. विहीर कोरडी असली की मोजणारा तिथं काहीच लिहीत नसे. म्हणजे आठवी विहीर दर उन्हाळ्यात कोरडी. याच नोंदींवरून टंचाईच्या गावांची यादी ठरणार होती आणि यादीतल्या गावांना नळ मिळणार होते. मला राहवलं नाही. मी फोन केला.

"आत्या, आपलं गाव यादीत येतंय बघ."

"खरं सांगायलास का मस्करी करायलास?"

"खरंच. कागदावर आहे."

"हाव? मंग नळ माझ्या दारापाशीच बसवा म्हणावं. लई पायपीट केली मी. सरपंचाला आताच सांगते, तो झोपला आसंल तरी उठवते."

दोन दिवसांनी तेच पान तपासायला घेतलं. चौथ्या रकान्यात एका मे महिन्याला ११.८ होतं. वर खोली पाहिली, तर विहीरच नऊ मीटरची. विहिरीच्या तळाच्या खाली पाणी कसं असेल?

त्या मेच्या ओळीत आठ रकान्यांच्या आठ घरांना सातच आकडे होते. मशीननं रिकामं घर सोडून दिलं होतं आणि पुढचे आकडे एकेक घर डावीकडे सरकले होते. रिकामं घर चौथं असणार किंवा त्याच्या आधीचं. मूळ पानाची प्रतिमा मोठी केली. शिवणीपाशी पान फुगल्यामुळे उभ्या रेघा वाकल्या होत्या. त्यांच्यावरून बोट फिरवत गेलो. चौथं घर रिकामं होतं. आठव्यात १०.६ होतं, आणि आठवी विहीर चौदा मीटरची.

दर वर्षीच्या मेला तसंच.

मेमध्ये पाणी असणारी आत्याच्या गावात एकच विहीर, ती मला माहीत होती. गावापासून लांब, पाझर तलावाच्या कडेला, एकाच्या शेतात. तिला पाणी असतंच. गावातल्या विहिरी आटतात, पण त्या कुणी मोजत नव्हतं. चुकलेला तक्ता गावाबद्दल खरं बोलत होता.

मी आमच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "शेरा लिहायला रकाना आहे का त्यात?"

"नाही."

"मग कुठं लिहिणार तुम्ही? आपण आकडे त्यांच्या घरात बसवतो. विहीर कुठली मोजायची ते आपण नाही ठरवत. आणि चौथं गावही कुणाचं तरी आहेच ना, भाऊ?"

मी जागेवर येऊन ते पान पुन्हा उघडलं. त्या पानावर माझ्यानंतर कुणाची नजर फिरणार नव्हती. तरी एकेक आकडा उचलून उजवीकडे ठेवला. वेगळ्या कागदावर तलावाबद्दल चार ओळी लिहून पानासोबत पाठवल्या. त्या ओळींना वरून काही उत्तर आलं नाही. यादी लागली तेव्हा आत्याचं गाव त्यात नव्हतं.

फोनवर बोलायचं धाडस झालं नाही. आत्या चौथी शिकलेली, सावकाश वाचते. म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं:

ती. आत्यास,
सा. न.
आपलं गाव यादीत आलं नाही. मी तुला सांगितलं ते चुकीचं होतं. मशीननं दुसऱ्या गावाची कोरडी विहीर आपल्या नावावर टाकली होती. ती मीच काढली. कागदावर आपली विहीर म्हणजे तलावाजवळची, आणि तिला पाणी आहे. तू सरपंचाला सांगितलंस, आता लोक तुला बोलत असतील. माझं नाव सांग. पुन्हा अर्ज करता येतो असं म्हणतात, पण मोजतील ते तीच विहीर. मला दुसरा रस्ता दिसत नाही. गुडघ्याचं औषध घेत जा.
तुझा भाचा