गुरुवारनंतरचा आठवडा

पिंपरीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत मी दहावीची शिकवणी घ्यायचे, संध्याकाळी सहा ते आठ. मुलं सगळी कामगारांची. हजेरी घेताना नावं पुकारत बसायचा मला भारी कंटाळा. वेळ जातो आणि पोरं एकमेकांच्या नावाला 'हजर' म्हणतात ते वेगळंच. यावर तोडगा काढला आमच्या ह्यांनी. कंपनीत टोकन असतं तसे पत्र्याचे गोल बिल्ले कापले, प्रत्येकावर नंबर ठोकला आणि फळीवर खिळ्यांच्या दोन ओळी मारल्या. आल्याबरोबर आपला बिल्ला वरच्या ओळीतून खालच्या ओळीत टांगायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावला तर माझ्याशी गाठ होती. शिकवणी सुटली की मी फळी बघून भिंतीवरच्या कॅलेंडरात गैरहजरांचे नंबर लाल शाईने लिहायचे. माझ्या नजरेतून दांडी सुटत नाही, अशी माझी ख्याती होती आणि मला ती आवडायचीही.

त्यामुळे त्या एका मुलीने मला जेरीस आणलं तेव्हा माझा पारा चढला. पिंपळे गुरवची, गणितात वर्गात सगळ्यांच्या पुढे. जुलैत शुक्रवार-शनिवार आली नाही. पुढच्या आठवड्यात सोमवार, मंगळवार, बुधवार नाही. गुरुवारी मात्र हजर, डोकं दुखत होतं म्हणाली. मग दोन आठवडे एकही खाडा नाही. मी विसरून गेले, तर पुन्हा शुक्रवारपासून तोच प्रकार. कधी आठवड्याच्या शेवटी, कधी सुरुवातीला. सणवार बघितले, शाळेच्या परीक्षा बघितल्या, काही जुळेना.

हे चहा पिता पिता कॅलेंडर बघत होते. म्हणाले, "अगं, तू आठवडा चुकीचा धरलायस. आमची सुट्टी गुरुवारी. शिफ्ट बदलते ती शुक्रवारी."

मी कात्री घेतली आणि कॅलेंडरचे कागद कापून शुक्रवार ते गुरुवार असे पुन्हा चिकटवले. तिचा लाल नंबर सगळा एकाच ओळीत आला. मग दोन ओळी कोऱ्या, पुन्हा एक लाल. तिचे वडील ह्यांच्याच कंपनीत. ह्यांनी चौकशी केली, तर लाल आठवडे नेमके त्यांच्या सेकंड शिफ्टचे निघाले. पुढची लाल ओळ यायला अजून आठवडा होता. वाट बघत बसणं माझ्या स्वभावात नाही. गुरुवारी दुपारी मी तिच्या घरी जाऊन धडकले.

वडील ओट्यावरच बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बरं झालं बाई, तुमी आला. पोरगी शिकवणी चुकवून हिंडती, असं कानावर आलंय. शिकायचंच न्हाई तर ठेवायची कशाला? ह्या दिवाळीनंतर उजवून टाकतो."

मुलगी दारात खाली मान घालून उभी होती. मी बरोबर आणलेला कॅलेंडरचा कागद त्यांच्यापुढे पसरला. "हे लाल दिवस बघा. तुमची सेकंड शिफ्ट कधी होती ते आठवा."

त्यांनी लाल ओळीवरून बोट फिरवलं. "व्हय," म्हणाले, "माझीच शिफ्ट हाय ही."

तेव्हा आई आतून बाहेर आली. ती वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जायची, सुट्टी तिलाही गुरुवारीच; एरवी घरी यायला आठ वाजायचे. एरवी संध्याकाळी वडील घरी असत, पण सेकंड शिफ्टला ते दुपारीच जात. "धाकटी चार वर्षांची हाय बाई. तिला कुणापाशी ठिवू? मीच हिला म्हणलं, घरी ऱ्हा. ह्यांना सांगितलं असतं तर माझं काम सोडाया लावलं असतं."

"धाकटीला पाठवा माझ्याकडे," मी म्हणाले. "पण मोठीचा एकही दिवस बुडता कामा नये. आणि लग्नाचं नाव दहावीच्या निकालाआधी काढायचं नाही." हे मी विनंती म्हणून सांगितलं नव्हतं. वडिलांनी मान डोलावली.

पुढची लाल ओळ सुरू व्हायची त्या शुक्रवारी मोठीच्या बोटाला धरून धाकटी आली. ह्यांनी तिच्यासाठी इवलासा बिल्ला कापला आणि तिच्या हाताला पुरेल असा खाली एक खिळा मारला. आम्ही बीजगणित करायचो तेव्हा ती पाटीवर रेघोट्या मारायची. मग तिला इतकी गोडी लागली की वडील घरी असायचे त्या आठवड्यांतही ती ताईला ओढत आणायची. मार्चपर्यंत मोठीचा नंबर लाल शाईत पुन्हा लिहावा लागला नाही. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या निकालाचाही वाटला नव्हता.

ती फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. वडील फर्स्ट शिफ्ट संपवून तसेच, कंपनीच्या कपड्यांत, पेढे घेऊन आले. मागे दोघी मुली होत्या. ते फळीपुढे उभे राहिले आणि तिचा नंबर शोधून त्यांनी बिल्ला हातात घेतला.

"बाई, ह्यो मी नेऊ का?"

"न्या की. पण कशाला?"

"उद्या कंपनीत दाखवतो समद्यांना," ते म्हणाले. "आन् बाई, कालिजात बी असं काई टांगाया लागतं का? मला आधीच सांगून ठिवा, म्हंजी माझ्या शिफ्टीपायी पोरीचा खाडा व्हायचा न्हाई."